पातेलं रात्रभर कुठे असतं?

*ताई, आमचं तेरा माणसांचं एकत्र कुटुंब. थोरली सून म्हणून दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. गेल्या तीन महिन्यांत चार वेळा घरातल्या चार-पाच जणांना एकदम उलट्या झाल्या. पाणी उकळून पितो, टाकी धुवून घेतली, भाज्या दोन पाण्यांतून काढते, शिळं म्हणावं असं काही ठेवत नाही. तरी सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला स्वच्छता नाही. आता ओट्यापाशी उभं राहायचीही धास्ती वाटते. माझं नेमकं चुकतंय कुठे?*
*— एक थोरली सून*

तुमचं पत्र वाचताना मला माझी मोठी काकू दिसली. आमच्या माहेरच्या चौदा माणसांच्या घरात ती तीस वर्षं रांधत होती. तिच्या ओट्यावर पिठाचा कण दिसायचा नाही. तिलाही एका वर्षी हेच ऐकावं लागलं होतं, तेही माझ्या आजीकडून, आणि सगळ्यांसमोर. मी तेव्हा वसतिगृहांच्या खानावळी तपासायचं काम करायचे. काकूचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण एवढंच म्हणाली, "तू ये आणि मला सांग. चूक माझी असेल तर माझी. पण काय चुकतंय ते कळू दे."

मी गेले आणि पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात हात घातला नाही. एक वही मागितली. तुम्हीही आज तेवढंच करा, कारण पोट बिघडायचं कारण ओटा बघून क्वचितच कळतं, घड्याळ बघून कळतं. वहीत चार रकाने आखा: कोणाला झालं, किती वाजता सुरू झालं, आधीच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं, आणि काय खाल्लं नाही. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि गुपित बहुतेक वेळा त्याच्यातच असतं. ज्यांना काहीच झालं नाही त्यांचीही नोंद हवी. एकत्र कुटुंबाचा इथे फायदा होतो, कारण चौदा माणसांत कोणी ना कोणी एखादा पदार्थ टाळलेला असतो.

काकूच्या घरातल्या शेवटच्या वेळची नोंद आम्ही आठवून लिहिली. रविवारी रात्री आठला सगळे जेवले. सोमवारी सकाळी आठच्या सुमारास सात जणांनी आदल्या रात्रीचा भात परतून खाल्ला. सव्वादहाला धाकट्या काकूला उलटी झाली, पावणेअकराला दोन मुलांना आणि साडेअकराला आजीला. उरलेल्या सात जणांनी सकाळी भात खाल्ला नव्हता, त्यांच्यापैकी एकालाही काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत चौघंही उठून बसले होते.

वही पुढ्यात ठेवून काकू बराच वेळ बघत राहिली. मग तिच्याच तोंडून आलं, "पण रात्री तर तोच भात सगळ्यांनी खाल्ला." तिला मी सांगितलं की सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. रात्री आठला तो भात निर्दोष होता आणि सकाळी आठला नव्हता. त्या बारा तासांत त्याला काय झालं, तेवढंच शोधायचं होतं.

आता थोडं शास्त्र, पण तेवढंच जे ओट्यापाशी उपयोगाचं आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं बहुतेक वेळा असतातच. ती मातीतून येतात. तांदूळ धुऊन ती पूर्ण जात नाहीत आणि भात शिजवल्यानेही मरत नाहीत, कारण त्या बीजांना घट्ट कवच असतं. भात गरम असेपर्यंत ती गप्प बसतात. तो कोमट झाला की कवच सोडून जागी होतात आणि वाढू लागतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्यासाठी सोयीचा टप्पा, त्यातही अंगाला ऊबदार वाटेल ते तापमान सर्वांत सोयीचं. अर्ध्या तासाला दुप्पट असा हिशेब धरला तर आठ तासांत एकाचे पासष्ट हजार होतात. वाढता वाढता ते भातात एक विष सोडतात, आणि खरी अडचण इथे आहे. जंतू पुन्हा तापवल्यावर मरतील, पण ते विष उष्णतेने मोडत नाही. सकाळी कढईत कितीही खरपूस परता, वाफ आणा, विष तसंच राहतं. ते पोटात गेल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. वासाला, चवीला, रंगाला भात अगदी चांगला असतो, म्हणून हुंगून बघणाऱ्याला काही कळत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये हा प्रकार पहिल्यांदा नीट ओळखला गेला, तोही परतलेल्या भातावरूनच. उपाहारगृहांत एकदम खूप भात शिजवून बाहेरच ठेवायचे आणि मागणी आली की परतून द्यायचे. बाहेर का, तर फ्रिजमधल्या भाताची शितं एकमेकांना चिकटून गोळा होतो. मी हे सांगितल्यावर काकू चमकली. तिचंही कारण तेच होतं. "फ्रिजमधला भात कडक होतो, घशाखाली उतरत नाही, म्हणून मी झाकून ओट्यावरच ठेवते."

आणखी एक कारण होतं, ते तिने नंतर सांगितलं. घरात शेवटचं माणूस रात्री साडेदहाला जेवायचं. त्याच्यासाठी अख्खं पातेलं बाहेर राहायचं. ते जेवून उठेपर्यंत काकू झोपलेली असायची. मग पातेलं कोणाचं? कोणाचंच नाही. जेवणाऱ्याने झाकण ठेवलं की त्याचं काम संपलं. मोठ्या घरात अन्न शिजवणारी ठरलेली असते, पण उरलेलं आवरणारं कोणी ठरलेलं नसतं. वही लिहून झाल्यावर तुमच्या घरातही हा प्रश्न जरूर विचारा: शेवटचं माणूस जेवून उठल्यावर पातेलं कोण उचलतं?

काकूने त्याच रात्रीपासून भाताचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली. झोपण्यापूर्वी स्वतः उठून ठेवायची. आणि तीन आठवड्यांनी घरात पुन्हा तिघांना उलट्या झाल्या.

तेव्हा ती खरी खचली. आजी काही बोलली नाही, पण ते न बोलणंच काकूला लागलं. मी या वेळी टोकदार दांडीचा, स्वयंपाकासाठी मिळतो तो डिजिटल थर्मामीटर घेऊन गेले. रात्री सातला भात उतरवला. मोठं खोल पातेलं, काठोकाठ, वर घट्ट झाकण. साडेदहाला पातेलं फ्रिजमध्ये जाण्याआधी मी दांडी भाताच्या मधोमध खुपसली आणि काकूला आकडा वाचायला सांगितला. साडेतीन तास झाले होते, वरचा थर हाताला जेमतेम कोमट होता, आणि मध्ये ४८ अंश होते. सकाळी सहाला फ्रिजमधून पातेलं काढलं. बाहेरून धातू गार पडला होता, त्यावर दव जमलं होतं. मधोमध २१ अंश. काकूने दांडी काढली, पुसली, पुन्हा खुपसली. पुन्हा २१.

"म्हणजे फ्रिज बाहेरूनच गार करतो," ती म्हणाली. खरंच तसंच आहे. भाताचा मोठा गोळा उष्णता आत धरून ठेवतो. फ्रिजमधली थंड हवा पातेल्याच्या कडेपर्यंत पोचते, पण आतली ऊब बाहेर यायला कित्येक तास लागतात. त्या सगळ्या वेळात मधला भात जंतूंना हव्या त्याच तापमानात असतो. शिवाय एवढं गरम पातेलं आत ठेवल्याने शेजारचं दूधही कोमटतं.

त्या दिवशी काकूने स्वतःच उपाय काढला. तिच्याकडे मोठ्या पसरट पराती होत्या. जेवणं सुरू व्हायच्या आधीच तिने उशिरा येणाऱ्या माणसाचा भात वेगळ्या छोट्या डब्यात काढला. सगळ्यांची पानं झाली तशी उरलेला भात दोन परातींत पसरला, दोन बोटांच्या पेरांएवढा थर, त्याहून जाड नाही. वर बारीक जाळी, म्हणजे माशी बसणार नाही आणि वाफही कोंडणार नाही. पंख्याखाली परात ठेवली. तासाभराने दांडी खुपसली तर हवेइतकंच तापमान. मग तो पसरट डब्यांत भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये गेला. सकाळी मधोमध ४ अंश. तिने तो आकडा आजीला बोलावून दाखवला. आजीने चष्मा चढवला, आकडा वाचला आणि म्हणाली, "हे मशीन माझ्या हातात दे, रात्री मी बघत जाईन." त्यानंतर रात्रीची परात आजीची झाली.

तुम्हालाही नेमकं एवढंच करायचं आहे. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये, पातळ थरात. फ्रिज ५ अंश किंवा त्याखाली आहे ना, ते एकदा थर्मामीटरने पाहा. बटणावरच्या आकड्यांना अंश समजू नका, बऱ्याच फ्रिजवर ते फक्त थंडीची पायरी दाखवतात. गार केलेला भात दुसऱ्या दिवशी संपवा. लागेल तेवढाच बाहेर काढा, आतपर्यंत कडक वाफ येईल इतका, म्हणजे ७० अंशांच्या वर तापवा, आणि एकदा तापवलेला पुन्हा ठेवू नका. घशाखाली न उतरण्याची अडचणही अशी सुटते: परतताना दोन चमचे पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, शितं मऊ होतात. उशिरा जेवणाऱ्याच्या डब्यालाही तोच दोन तासांचा नियम. त्याहून उशीर होणार असेल तर त्याचा डबाही फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याने जेवताना तापवून घ्यावा.

उरलेला भात कमी कसा होईल, तेही बघा. काकू अंदाजाने तांदूळ घ्यायची आणि पाहुणा आला तर, म्हणून रोज एक वाटी जास्त. आम्ही आठवडाभर उरलेला भात वाटीने मोजला. जवळपास रोज तीन वाट्या उरत होत्या. तिने तांदूळ अर्ध्या वाटीने कमी केला आणि रात्रीच्या परातीचं ओझंच निम्मं झालं.

भातावर मी एवढं लिहिलं, कारण अचानक, एकदम, चार-पाच जणांना उलट्या हे त्याचं ठळक लक्षण आहे. पण वही वेगळं सांगेल तर तिचं ऐका. उलट्या नाहीत, पण जेवणानंतर आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले, तर संशय मोठ्या पातेल्यात शिजवून हळूहळू गार झालेल्या दाट डाळी, उसळी, रस्से किंवा मांसाकडे जातो. तिथला जंतू निराळा असतो, पण त्याची वाढही अशाच रेंगाळलेल्या उबेत होते. त्यांनाही छोट्या, उथळ भांड्यांत वाटून पटकन गार करायचं. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं तर काम आणखी लवकर होतं. फरक एवढाच की हे पदार्थ दुसऱ्या दिवशी खदखदून उकळले तर बहुतेक धोका जातो. भातातल्या विषाचं तसं नाही.

आणि वहीत वेळा पसरलेल्या दिसल्या, म्हणजे सोमवारी एकाला, बुधवारी दोघांना, शुक्रवारी आणखी एकाला, तर तो बहुधा माणसाकडून माणसाकडे जाणारा आजार असतो. भाताचं गणित जमल्यावर दीड महिन्याने काकूच्या घरात नेमकं हेच झालं. आधी नातवाला उलट्या-जुलाब झाले. त्याचं सगळं काकूने केलं. तिसऱ्या दिवशी तिचंही पोट बिघडलं आणि तरीही ती ओट्यापाशी उभी राहिली, कारण दुसरं कोणी उभं राहायची घरात पद्धतच नव्हती. आठवड्यात सहा जण झोपले.

इथे मात्र हात आणि फडकं यांच्याकडे बघावं लागलं. काकूच्या कमरेला एक फडकं खोवलेलं असायचं. त्याच फडक्याने ओटा, त्यानेच हात, त्यानेच धुतलेली ताटं पुसायची. दिवसभर ते ओलंच. मी तिला ते नाकाशी धरायला सांगितलं. तिने धरलं आणि लगेच दूर केलं. "सकाळी तर धुतलेलं होतं," ती म्हणाली. धुतलेलं होतं, पण वाळलं कधीच नव्हतं. ओल्या, उबदार कापडात जंतू तासातासाने वाढतात आणि मग जिथे जिथे ते फिरतं तिथे तिथे पसरतात. तिने जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे करून घेतले. ओटा पुसायच्या तुकड्यांचे काठ न शिवलेले, हात पुसायच्या तुकड्यांचे शिवलेले, म्हणजे अंधारातही बोटांना फरक कळावा. ताटं पुसणं बंद, ती उभी करून आपली आपण वाळू द्यायची. रात्री वापरलेले सगळे तुकडे साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं खळाखळा उकळून सकाळच्या उन्हात.

हात धुण्याबद्दल तिला वाटायचं की ती दिवसात वीस वेळा धुते. धुवायची, पण नळाखाली नुसते भिजवून. साबण लावून वीस सेकंद चोळायचे, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, अंगठ्याच्या मागे, मग वाहत्या पाण्यात धुवून कोरड्या तुकड्याने पुसायचे, हा फरक तिला करावा लागला. कधी धुवायचे, तेही ठरवलं: स्वयंपाकाला लागताना, संडासाहून आल्यावर, लहान मुलाचं काही केल्यावर, कच्चं मांस किंवा अंडं हाताळल्यावर. असा माणसाकडून माणसाकडे जाणारा आजार बहुधा विषाणूंचा असतो, आणि त्यांना हातावर चोळायचं सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, साबण-पाणीच हवं. बोटाला कापलं किंवा पू धरला असेल तर चिकटपट्टी लावून त्यावर हातमोजा घालायचा. तिथला जंतूही अन्नात न मोडणारं विष सोडतो.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र ही होती की काकूचं पोट बिघडलं की तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण ४८ तास. बरं वाटू लागल्यावरही विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून एवढे दिवस. हे घरात मान्य व्हायला भांडण झालं. शेवटी धाकट्या काकाने दोन दिवस खिचडी रांधली. तुमच्या घरातही तुमच्या जागी कोण उभं राहील, हे कोणी आजारी पडायच्या आधीच ठरवून घ्या. तेरा माणसांत एकही पर्याय नसेल तर आजारी माणसाने रांधलेलंच सगळे खाणार, आणि मग दोष पुन्हा तुमच्याच हाताला लागणार.

उलट्या-जुलाब सुरू झाले की ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्या पाण्यात कालवून घोट घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच घाला, जास्त झालं तर लहान मुलाला घातक ठरतं. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी अगदी कमी होणं, गुंगी, पाणीही पोटात न ठरणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तान्हं मूल, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तर आणखी लवकर. चारही वेळा काय काय झालं ते लिहिलेली वही डॉक्टरांना दाखवा, त्यांना तिचा खूप उपयोग होतो.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवू नका. त्याने फक्त कोण बरोबर, कोण चूक एवढाच वाद होईल. थर्मामीटर आणा आणि आज नेहमीसारखाच भात करा, पातेलंही नेहमीच्याच जागी असू दे. फक्त उद्या सकाळी तो भात कोणी खायचा नाही. रात्री साडेदहाला त्यांना स्वयंपाकघरात बोलवा, दांडी पातेल्याच्या मधोमध खुपसा आणि आकडा त्यांनाच वाचू द्या. सकाळी दूध तापवायच्या आधी पुन्हा एकदा. दोन्ही आकडे वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि उद्या रात्री परातीत भात पसरताना जाळी धरायला त्यांनाच सांगा.